पान क्रमांक नसलेल्या ई-पुस्तकातलं अवतरण: तळटीपेत जागा कशी सांगायची?

मेघना_वा

प्रबंधाचं तिसरं प्रकरण मार्गदर्शकांकडून परत आलं आणि सोळाव्या तळटीपेभोवती लाल गोल. बाजूला एकच शब्द: "कुठे?"

मी तिथे "पृ. २१४" असं लिहिलं होतं. पुस्तक ईपब आहे, मी फोनवर वाचलं आणि फोनच्या तळाला २१४ दिसत होतं म्हणून तेच उतरवलं. सरांनी त्यांच्या टॅबवर तीच फाइल उघडली, तर २१४ वर भलताच मजकूर. त्यांच्याकडे ते वाक्य १६३ वर आहे. घरी येऊन लॅपटॉपवर पाहिलं तर १२१. तिन्हीकडे एकूण पानंही वेगळी आहेत: फोनवर ६१२, टॅबवर ४६६, लॅपटॉपवर ३४६. आता मला यातलं कुठलंच लिहायचा धीर होत नाही.

दुसरी भानगड एका पीडीएफची. एका संस्थेच्या संकेतस्थळावर अहवाल आहे, त्यावर पीडीएफ उतरवायचं बटण आहे. माझ्या प्रतीत अवतरण १८व्या पानावर आहे, मैत्रिणीने तिच्या संगणकावर उतरवलेल्या प्रतीत १९व्या. तारीख तीच, पत्ता तोच. पीडीएफची पानं तरी हलत नाहीत असा माझा समज होता.

छापील पुस्तक माझ्याकडे नाही आणि मिळण्याची चिन्हंही नाहीत. अशा एकूण २३ तळटीपा आहेत. काय लिहू?

निमिष७

सोपं आहे. किंडलवर वाचा आणि लोकेशन नंबर द्या. अक्षर लहान-मोठं करा, आडवं धरा, उभं धरा, लोकेशन हलत नाही. मी सगळीकडे तेच देतो.

बापू_दे

मेघनाताई, पीडीएफ जर स्कॅन केलेली असेल तर तीतून मजकूर कॉपी होत नाही, हा अनुभव मलाही आहे. आधी ओसीआर करून घ्या, मग अवतरण नीट उचलता येईल. जोडाक्षरं मात्र तपासून घ्या, "द्ध"चा "ध्द" होतो.

मेघना_वा

बापूकाका, मजकूर उचलता येतोय. तो कुठून उचलला हे सांगता येत नाही, ही अडचण आहे. :)

तळटीप

अठरा वर्षं शास्त्रीय पुस्तकांच्या प्रती तपासतोय, त्यातली शेवटची दहा या भानगडीत गेली. एकेक घेऊ.

फोनवरचा २१४ हा पुस्तकाचा आकडा नाहीच. ईपबमध्ये पानं नसतात, सलग मजकूर असतो. तो तुमच्या पडद्यावर, तुमच्या अक्षराच्या मापात किती तुकड्यांत मावला ते वाचक-ॲप मोजतं आणि "पान" म्हणून दाखवतं. तुमचे तिन्ही आकडे भागून बघा: २१४ भागिले ६१२, १६३ भागिले ४६६, १२१ भागिले ३४६. तिन्ही ०.३५ येतात. म्हणजे तिघंही एकाच जागेकडे बोट दाखवताहेत, फक्त पट्टी प्रत्येकाची वेगळी आहे. तुमच्या सरांकडे तुमची पट्टी नाही, म्हणून त्यांना जागा सापडली नाही.

निमिष, लोकेशनबद्दल तुमचं निम्मं बरोबर आहे. अक्षर बदललं तरी ते हलत नाही, कारण ते पडद्यावर नाही तर फाइलवर मोजलेलं असतं. पण नेमकं म्हणूनच फाइल बदलली की तेही बदलतं. प्रकाशकाने सुधारित फाइल चढवली, प्रस्तावना वाढवली, की पुढचं सगळं सरकणार. आणि ज्याच्याकडे ईपब किंवा छापील प्रत आहे त्याला लोकेशन ३१०६ हा आकडा काहीच सांगत नाही. एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीत म्हणूनच किंडलचं लोकेशन देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. शिकागोवाले थोडे सैल आहेत: आधी प्रकरण किंवा उपशीर्षक द्या, लोकेशन द्यायचंच झालं तर एकूण किती तेही द्या, म्हणजे `loc. 444 of 3023` असं. एकूण आकडा दिला की निदान प्रमाण काढता येतं.

मेघना, तुमच्या फाइलमध्ये छापील पानांच्या खुणा आहेत का, हे आधी बघा. पुष्कळदा असतात आणि कोणाला पत्ता नसतो. ॲपच्या अनुक्रमणिकेत "पानांची यादी" किंवा "पानावर जा" असं काही दिसतं का?

मेघना_वा

फोनवरच्या ॲपमध्ये नाही दिसत. "पानावर जा" आहे, पण ते त्या ६१२ पानांमधलंच.

तळटीप

मग फाइलच उघडा. ईपब म्हणजे आतून साधी झिप असते. एका प्रतीवर काम करा, मूळ फाइल बाजूला ठेवा.

```
unzip pustak.epub -d pustak
grep -rn "pagebreak" pustak
grep -rn "dc:source" pustak
```

दुसऱ्या ओळीने काही सापडलं तर ते साधारण असं दिसेल:

```
<span epub:type="pagebreak" role="doc-pagebreak"
      id="pg_147" aria-label="147"></span>
```

प्रकाशकाने छापील आवृत्तीत १४७वं पान जिथे सुरू होतं तिथे ही अदृश्य खूण ठेवलेली असते. तुमचं वाक्य १४७च्या खुणेनंतर आणि १४८च्या आधी असेल तर ते छापील पुस्तकातलं १४७वं पान. खूण पानाच्या आरंभी असते, शेवटी नाही. इथे चुकलात तर सगळ्या तळटीपा एका पानाने घसरतील.

जुन्या ईपब २ फाइलींत मजकुरात असं काही सापडत नाही, तिथे `toc.ncx` मध्ये `pageList` शोधा. विकत घेतलेल्या पुस्तकाला कुलूप असेल तर प्रकरणांच्या फाइली उघडल्या तरी आत गिचमीड दिसेल. मग हा रस्ता बंद, कुलूप तोडायच्या फंदात पडू नका.

ऐकीव

या खुणा कशासाठी आल्या ते सांगते, कारण त्यांचा रोज वापर करणारी मी आहे. मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर वाचते. वर्गात "सगळ्यांनी पान ८२ काढा" म्हटलं की बाकीचे पान उलटतात, मला ईपबमध्ये ८२ कुठे ते कळायला हवं. ई-पुस्तकात छापील पानांची यादी ठेवणं ही सुगम्यतेची गोष्ट आहे, संशोधकांची सोय हा वरचा लाभ. पुस्तकाच्या माहितीत सुगम्यतेच्या नोंदी दिलेल्या असतील तर त्यांत `pageBreakMarkers` किंवा जुनं `printPageNumbers` असं लिहिलेलं असतं. ते दिसलं की फाइल न फोडताही समजतं.

आणि सगळी ॲप्स ही यादी दाखवत नाहीत. खुणा असून ॲप त्यांच्याकडे दुर्लक्ष करतं आणि स्वतःचीच पानं मोजत बसतं. मेघना, दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये तीच फाइल उघडून बघ.

मेघना_वा

सापडलं!! फाइलीला कुलूप नव्हतं. खुणा आहेत, थेट ४१८ पर्यंत. माझं वाक्य `pg_147` नंतर तीन परिच्छेदांनी येतं, `pg_148` त्याच्या बरंच खाली आहे. म्हणजे पृ. १४७. `dc:source` मध्ये ९७८ने सुरू होणारा एक आयएसबीएन आहे. तो कशाचा?

तळटीप

ज्या छापील आवृत्तीची पानं मोजली तिचा. हा आकडा जपून ठेवा. पुठ्ठा बांधणीची आवृत्ती आणि नंतरची कागदी बांधणी यांची पानं सारखी असतीलच असं नाही. तो आयएसबीएन कुठल्याही ग्रंथालयाच्या सूचीत टाकून कोणतं वर्ष, कोणती आवृत्ती ते पाहा. किंडलच्या पुस्तकांत पान क्रमांक दिसत असतील तर त्यांचाही असाच मूळ आयएसबीएन असतो, विक्रीच्या पानावर तपशिलात `Page numbers source ISBN` असं लिहिलेलं सापडतं.

एक शंका आधीच मिटवतो. छापील प्रत हातात न घेता "पृ. १४७" लिहिणं खोटेपणा नाही का, असं मला नेहमी विचारतात. संदर्भसूचीत तुम्ही ईपबच वाचल्याचं लिहिलं असेल तर नाही. तुम्ही पान छापील आवृत्तीचं सांगताय, वाचलेली वस्तू ईपब आहे, दोन्ही गोष्टी उघड आहेत. खोटेपणा तेव्हा होतो जेव्हा संदर्भसूचीत गुपचूप छापील आवृत्तीची नोंद टाकली जाते.

मधला_बाक

माझ्या मते तोही थोडा खोटेपणाच. ईपबमध्ये सुधारणा झाल्या असतील आणि छापील प्रतीत त्या नसतील तर? वाचक १४७वं पान काढेल आणि वाक्य तिथे वेगळंच असेल.

तळटीप

शक्य आहे. दोन वेळा मी स्वतः पाहिलं आहे, एकदा एक शब्द, एकदा अख्खी तळटीप. म्हणून मी पानासोबत प्रकरण क्रमांकही लिहून घेतो. यापेक्षा जास्त खात्री छापील प्रत पाहिल्याशिवाय मिळत नाही, हे मान्य.

मेघना_वा

२३ पैकी ९ अवतरणं याच पुस्तकातली होती, ती मिटली. पण दुसऱ्या ईपबमध्ये `pagebreak` शोधलं तर काहीच आलं नाही. ते पुस्तक छापलंच गेलेलं नाही, फक्त ई-पुस्तक म्हणून निघालं. आता?

निमिष७

टक्केवारी द्या मग! ३५ टक्के. वर तळटीप यांनीच दाखवलं की सगळीकडे सारखं येतं.

तळटीप

पडताळ्यासाठी चालेल, तळटीपेत नको. चारशे पानांच्या पुस्तकात एक टक्का म्हणजे चार पानं. शिवाय शंभर टक्के कुठे होतात हेही ॲपवर अवलंबून आहे: कुणी मुखपृष्ठापासून सूचीच्या शेवटापर्यंत मोजतं, कुणी मुख्य मजकूर संपला की थांबतं. सूची जाड असेल तर चांगलाच फरक पडतो.

छापील पान नसेल तर पुस्तकाची स्वतःची हाडं वापरायची: प्रकरण, त्यातलं उपशीर्षक, आणि त्या उपशीर्षकाखालचा कितवा परिच्छेद. ही रचना लेखकाने केलेली आहे, पडद्याने नव्हे. फोन बदलला तरी चौथं प्रकरण चौथंच राहतं. मेघना, एखादं अवतरण घ्या, इथेच करून बघू.

मेघना_वा

प्रकरण ४. त्यात पाच उपशीर्षकं आहेत. अवतरण तिसऱ्या उपशीर्षकाखाली आहे, ते उपशीर्षक "नोंदवही आणि नजर". मी प्रकरणाच्या सुरुवातीपासून मोजलं तर ३१वा परिच्छेद आला. पुन्हा मोजलं तर ३३वा.

तळटीप

म्हणूनच प्रकरणाच्या सुरुवातीपासून मोजायचं नाही. जवळच्या उपशीर्षकापासून मोजा. आकडा जितका लहान तितकी चूक कमी, आणि पडताळणाऱ्याला बोट ठेवत खाली यायला किती वेळ लागेल याचाही विचार करा. दहाच्या वर गेला की मीच दोनदा चुकतो.

मेघना_वा

उपशीर्षकापासून ७वा. पण दुसऱ्यांदा मोजताना ८वा. मधे एक लांब अवतरण आत सरकवून दिलेलं आहे, आणि त्यानंतरची ओळ "पण हे पुरेसं नाही" अशी सुरू होते. तो नवा परिच्छेद की आधीचाच पुढे चालू?

तळटीप

ही खरी गोम. छापील पुस्तकात अशा ओळीला समासात खाच नसेल तर तो आधीचाच परिच्छेद, लेखकाच्या मनातला. पण ईपबच्या आत प्रत्येक तुकडा वेगळ्या `<p>` मध्ये असतो, त्यामुळे तिथे तो नवा दिसतो. मी आत सरकवलेलं अवतरण मोजत नाही, आणि त्यानंतरची खाच नसलेली ओळ आधीच्याच परिच्छेदाची धरतो. म्हणजे तुमचा ७. पण दुसऱ्या संपादकाला विचाराल तर तो ८ म्हणू शकेल, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही.

मधला_बाक

मला तर मोजणंच पटत नाही. एमएलएवाले म्हणतात की परिच्छेदांना लेखकाने स्वतः क्रमांक दिले असतील तरच द्या, आपण बसून मोजायचे नाहीत. प्रकरण सांगा आणि थांबा.

तळटीप

बरोबर, आणि एपीए नेमकं उलट सांगते: क्रमांक नसतील तर मोजा आणि द्या. दोघांच्या म्हणण्यामागे कारण आहे. एमएलएला वाटतं की मोजलेला आकडा खात्रीचा नाही, तो न दिलेला बरा. एपीएला वाटतं की चाळीस पानांच्या प्रकरणात वाचकाला सोडून देणं त्याहून वाईट. मेघनाच्या विद्यापीठाची शैली कुठली, त्यावर ठरेल. शैली ठरवून दिलेली नसेल तर माझं मत मोजण्याच्या बाजूने आहे.

ऐकीव

माझं मत तुमच्यापैकी कुणाच्याच बाजूने नाही. :) उपशीर्षक द्या आणि परिच्छेदाचे पहिले तीन-चार शब्द द्या. मी एच दाबत शीर्षकांवरून जाते, "नोंदवही आणि नजर" आलं की थांबते, मग ते शब्द शोधते. सातवा की आठवा हा प्रश्नच उरत नाही. मोजताना परिच्छेद ऐकत जाणं किती कंटाळवाणं आहे ते एकदा करून बघा.

तळटीप

हे मला आवडलं, आणि प्रामाणिकपणे सांगतो, सुचलं नव्हतं. मेघना, मग तुमची तळटीप अशी होईल:

प्रक. ४, "नोंदवही आणि नजर", परि. ७ ("कारकुनाला हे ठाऊक होतं…" पासून).

आकडा एकाने चुकला तरी शब्द सांभाळून घेतात.

अनुस्वार

शब्द शोधून जागा सापडेल हे मराठीत गृहीत धरू नका. मी पुस्तकांचं अक्षरजुळणीचं काम करतो. "ॲ" हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि "अ" वर चंद्र देऊनही. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, शोधताना पुष्कळ ठिकाणी जुळत नाहीत. "पुढाऱ्या" मधला अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकात मधे न दिसणारं जोडचिन्ह असतं. पीडीएफमध्ये तर ऱ्हस्व वेलांटी आधी की अक्षर आधी यावरून गोंधळ होतो, "किती" शोधलं की काहीच सापडत नाही आणि पान समोर उघडं असतं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या पीडीएफ असतील तर विषयच संपला.

म्हणून शोधासाठी शब्द निवडताना साधे, वेलांटी-जोडाक्षर कमी असलेले निवडा. "कारकुनाला" बरा आहे.

मेघना_वा

"कारकुनाला" शोधलं, दोन्ही ॲपमध्ये एका फटक्यात सापडलं. मग मुद्दाम त्याच परिच्छेदातलं "ॲटलास" शोधलं, फोनवर शून्य निकाल. धन्यवाद अनुस्वार, हे माझ्या हातून नक्की घडलं असतं.

आता ती पीडीएफ राहिली.

निमिष७

पीडीएफमध्ये पान फिक्सच असतं हो. मैत्रिणीने वेगळी फाइल उतरवली असणार.

तळटीप

एकदा तयार झालेल्या पीडीएफचं पान फिक्स असतं, हे बरोबर. प्रश्न ती कधी तयार झाली हा आहे. मेघना, दोन्ही फाइलींवर हे चालवा आणि काय येतं ते टाका:

```
pdfinfo ahwal.pdf
```

`Pages`, `Page size`, `CreationDate` आणि `Producer` या चार ओळी पुरेत. आज्ञा चालवायची नसेल तर पीडीएफ वाचकात फाइलचे गुणधर्म उघडले तरी हेच दिसतं.

मेघना_वा

माझी: ३१ पानं, `A4`. मैत्रिणीची: ३३ पानं, `612 x 792 pts (letter)`. निर्मितीची वेळ माझ्या फाइलीत मी बटण दाबलं तीच, मिनिटासकट. तिच्या फाइलीत तिने दाबलं ती. `Producer` दोन्हींत `Skia/PDF` आणि पुढे काही आकडे.

तळटीप

झालं, गुन्हेगार सापडला. तो अहवाल पीडीएफ म्हणून कुठे ठेवलेलाच नाही. तो वेबपान आहे. बटण दाबलं की त्या क्षणी पीडीएफ बनते. `Skia/PDF` म्हणजे क्रोम किंवा त्याच्या जातीच्या ब्राउझर-इंजिनाने वेबपान छापून काढलेलं. तुमच्याकडे ए४ कागद गृहीत धरला, तिच्याकडे लेटर. लेटर ए४पेक्षा सुमारे १८ मिलिमीटर आखूड आणि ६ मिलिमीटर रुंद. ओळी कमी मावल्या, एखादा तक्ता पानाच्या तळाशी मावला नाही म्हणून अख्खा पुढच्या पानावर गेला, आणि १८चे १९ झाले.

ओळखायची खूण हीच: तीच फाइल पुन्हा उतरवा. निर्मितीची वेळ जुनीच राहिली तर फाइल खरोखर ठेवलेली आहे, पान क्रमांक निर्धास्त द्या. वेळ आत्ताची आली तर पान क्रमांक देऊ नका.

आणि मग सरळ वेबपानाचाच संदर्भ द्या. पीडीएफ ही त्याची झेरॉक्स आहे. अहवालातल्या विभागांना क्रमांक आहेत का?

मेघना_वा

आहेत. माझं अवतरण ३.२ मध्ये आहे, चौथा परिच्छेद.

तळटीप

उत्तम, लेखकानेच क्रमांक दिलेत, एमएलएवालेही तक्रार करणार नाहीत. "विभाग ३.२, परि. ४", वेबपानाचा पत्ता आणि पाहिल्याची तारीख. वेबपान उद्या बदलू शकतं, म्हणून वेबॅक मशीनवर आजची प्रत साठवून तो पत्ताही द्या. तुमची ३१ पानांची पीडीएफ स्वतःकडे ठेवा, परीक्षकाने मागितली तर दाखवायला.

कपाट_क्र_९

मधेच घुसतोय. माझी पीडीएफ खरी आहे, एका नियतकालिकाच्या संकेतस्थळावरची, निर्मितीची वेळ जुनी. पण वर खिडकीत १६ दिसतं आणि पानावर छापलंय xiv. कुठलं द्यायचं?

तळटीप

पानावर छापलेलं. वरचं १६ म्हणजे फाइलमधला सोळावा कागद, मुखपृष्ठ धरून. पानावर काहीच छापलेलं नसेल तरच कागद मोजा, आणि मग तसं लिहा: "पीडीएफचं १६वं पान". पत्त्याच्या शेवटी `#page=16` जोडलं तर बहुतेक ब्राउझर थेट तिथे उघडतात. त्यात मात्र कागदाचाच क्रमांक लागतो, xiv नाही. आणि ती लेखकाने चढवलेली स्वीकृत प्रत आहे की नियतकालिकाची अंतिम, तेही पाहून घ्या. दोन्हींची पानं जुळत नाहीत.

कपाट_क्र_९

स्वीकृत प्रत निघाली. पहिल्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मी कधी वाचलंच नव्हतं. i ते xxvi अशी पानं आहेत आणि नियतकालिकात तो लेख २०३पासून सुरू होतो. हे शोधायला आणखी दोन दिवस गेले असते.

बापू_दे

आम्ही ज्ञानेश्वरीचा दाखला देताना कधी पान सांगत नाही, अध्याय आणि ओवी सांगतो. कुठलीही प्रत काढा, सापडते. तुमचं परिच्छेदाचं ऐकून तेच आठवलं.

तळटीप

बापूकाका, नेमकं तेच. फक्त तिथेही एका प्रतीतली ओवी दुसरीत दोन-चार क्रमांकांनी पुढे-मागे झालेली सापडते, म्हणून कुठली प्रत ते सांगावंच लागतं.

मेघना_वा

सगळ्या २३ करून टाकल्या. पहिल्या पुस्तकाला छापील पानं आणि प्रकरण, दुसऱ्याला उपशीर्षक, परिच्छेद आणि पहिले शब्द, अहवालाला विभाग. काल सरांना दाखवलं. पहिल्या नऊ तळटीपांवर त्यांनी काही म्हटलं नाही. अहवालाच्याही चालल्या. दुसऱ्या पुस्तकाच्या वाचून म्हणाले, "हे बरं आहे, पण विद्यापीठाच्या नमुन्यात पृष्ठ क्रमांकाचा रकाना आहे, तो रिकामा कसा ठेवणार?" मी म्हटलं, रकान्यात "पृष्ठांकन नाही" लिहिते. त्यावर ते विचार करून सांगणार आहेत.

मधला_बाक

आणि सातवा की आठवा?

मेघना_वा

सात लिहिलंय. सरांनी मोजलं, त्यांचे आठ आले. मग त्यांनी "कारकुनाला" शोधलं आणि पुढची तळटीप बघायला लागले.